शेकड्याची सप्तमी
विरलन, शतमान तीव्रता व मिश्रणगणित यांवरील एका सरावपत्रिकेचे परीक्षण

औषधनिर्माणशास्त्राच्या पदविका वर्गात पहिल्या काही महिन्यांत जे गणित शिकविले जाते, त्याचा व्याप फार मोठा नाही. दिलेल्या द्रावणाची शतमान तीव्रता काढणे, तीव्र द्रावणापासून सौम्य द्रावण तयार करणे, आणि दोन निरनिराळ्या तीव्रतांची द्रव्ये मिसळून मधली तीव्रता साधणे, एवढ्या तीन गोष्टींत तो आटोपतो. या गणितास लागणारे गुणाकार-भागाकार शालेय विद्यार्थ्यासही जड जाऊ नयेत. असे असूनही या प्रकरणात वर्गातील चांगले विद्यार्थी चुकतात, आणि पुष्कळदा ज्यांचे गणित पक्के आहे तेच चुकतात. या चुकांचे मूळ अंकांत नसून अंकांभोवतीच्या शब्दांत आहे, असे प्रस्तुत परीक्षणात दाखवावयाचे आहे. त्यासाठी अशाच एका वर्गात वापरली जाणारी चार पानांची सरावपत्रिका येथे विचारासाठी घेतली आहे. तीत इंग्रजी प्रश्नांच्या जोडीला त्यांचे मराठी विवरण छापले असून शेवटी उत्तरे दिली आहेत.

पत्रिकेचे गुण प्रथम नमूद करणे न्याय्य होय. उदाहरणांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे नेणारा आहे, आकडेमोड विनाकारण किचकट केलेली नाही, आणि रीत सांगताना प्रत्येक पायरी मांडून दाखविली आहे. उत्तरांत आकडेमोडीची एकही चूक नाही. तरीही त्यांतील काही उत्तरे प्रत्यक्ष तयार करावयास घेतली तर चुकीचे औषध हाती येईल. बिनचूक आकडेमोडीतून चुकीचे औषध कसे निघते, हाच येथील खरा प्रश्न आहे.

१. शंभर कशाचे?

‘पाच टक्के’ हा शब्दप्रयोग व्याकरणदृष्ट्या अपुरा आहे. पाच कशाचे आणि शंभर कशातील, हे दोन्ही त्यातून गळलेले असते. व्यवहारात ही गळती चालून जाते. कारण व्याजाचा टक्का घेतला तर पाच रुपये शंभर रुपयांतीलच असतात, अंश आणि छेद एकाच जातीचे असतात. औषधाच्या द्रावणात मात्र तसे असेलच असे नाही. शंभर ग्रॅम मलमात पाच ग्रॅम औषध असेल तर तो वजनात वजनाचा टक्का झाला. शंभर मिलिलिटर द्रावणात पाच ग्रॅम औषध असेल तर तो आकारमानात वजनाचा टक्का झाला. आणि शंभर मिलिलिटर द्रावणात पाच मिलिलिटर द्रव औषध असेल तर तो आकारमानात आकारमानाचा टक्का झाला. तिन्ही ठिकाणी उच्चार ‘पाच टक्के’ असाच होतो.

मराठीची एक सोय येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. वरील तिन्ही वाक्यांत छेद कोठे आहे, हे एका प्रत्ययाने दाखविले आहे: ‘मलमात’, ‘द्रावणात’. ज्या शब्दाला सप्तमीचा ‘त’ लागला तो छेद, आणि जो प्रथमेत राहिला तो अंश. जुने लोक ‘दर शेकडा पाच’ म्हणत तेव्हाही निदान ‘शेकडा’ उघड उच्चारला जाई. ‘टक्के’ म्हणताना सप्तमी आणि तिचे नाम दोन्ही लोपतात. सरावपत्रिकेतील चौदा उदाहरणांपैकी नऊ उदाहरणांत ती अशी लोपली आहे.

यावर शिक्षकाकडून एक उत्तर येईल आणि ते वजनदार आहे. टक्क्याची जात सांगितली नसेल तर घन पदार्थ द्रवात असता आकारमानात वजन, द्रव द्रवात असता आकारमानात आकारमान, आणि घन अथवा मलमासारखा पदार्थ घनात असता वजनात वजन धरावे, असा औषधशास्त्राचा मान्य संकेत आहे. म्हणजे लोपलेली सप्तमी संकेताने परत मिळते. हे बहुतेक उदाहरणांपुरते खरे आहे. पण संकेत अपवाद सोसतो, आणि अपवाद नेमका कोठे आहे हे संकेत सांगत नाही. साखरेचा पाक हा असा अपवाद आहे. भारतीय भेषजसंहितेतील साधा पाक १००० ग्रॅम पाकात ६६७ ग्रॅम साखर, म्हणजे वजनात वजन ६६.७ टक्के, या प्रमाणाने केला जातो. अमेरिकेच्या संहितेतील पाकात ८५० ग्रॅम साखर घेऊन १००० मिलिलिटरपर्यंत पाणी घालतात, म्हणजे तो आकारमानात वजन ८५ टक्के असतो. पदार्थ एकच, साखर घन, पाणी द्रव. तरी एका ठिकाणी संकेत पाळला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. याच पाकाकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

२. ‘पर्यंत’ आणि ‘घाला’

विरलनाच्या भागातील पाचवे उदाहरण असे आहे: ९५ टक्के स्पिरिटपासून ७० टक्के स्पिरिट १००० मिलिलिटर तयार करण्यास किती पाणी घालावे लागेल? येथे दोन्ही टक्के आकारमानात आकारमानाचे आहेत, हे स्पिरिटच्या बाबतीत सर्वमान्य आहे. तेव्हा सप्तमीविषयी तक्रार नाही. पत्रिकेतील उत्तर पुढीलप्रमाणे निघते. १००० मिलिलिटरमध्ये मद्यार्क ७०० मिलिलिटर हवा. तो ९५ टक्के स्पिरिटच्या ७३६.८ मिलिलिटरमध्ये मिळेल. म्हणून पाणी १००० वजा ७३६.८, म्हणजे २६३.२ मिलिलिटर.

या मांडणीतील पहिली दोन वाक्ये निर्दोष आहेत, तिसरे नाही. मद्यार्क आणि पाणी एकत्र केले असता मिश्रणाचे आकारमान दोहोंच्या बेरजेपेक्षा कमी भरते. दोघांचे वजन मिळते, आकारमान मिळत नाही. २० अंश सेल्सियस तपमानाच्या घनता घेऊन हिशेब केला तर असे दिसते की, ७३६.८ मिलिलिटर स्पिरिटचे वजन सुमारे ५९८ ग्रॅम होते आणि ७० टक्के स्पिरिटच्या १००० मिलिलिटरचे वजन सुमारे ८८६ ग्रॅम होते. तेव्हा पाणी सुमारे २८८ ग्रॅम, म्हणजेच जवळजवळ २८८ मिलिलिटर लागते, २६३ नव्हे. पत्रिकेप्रमाणे २६३ मिलिलिटर मोजून ओतणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती हजार मिलिलिटर न येता सुमारे ९७६ मिलिलिटर येईल, आणि त्याची तीव्रता सत्तर टक्के न राहता पावणेबहात्तरच्या आसपास जाईल.

दोष आकडेमोडीत नाही, प्रश्नातील क्रियापदात आहे. ‘किती पाणी घालावे?’ या प्रश्नातच पाण्याचे माप वजाबाकीने मिळेल असे गृहीत धरले आहे. संहितेची भाषा तशी नसते. स्पिरिट ७३६.८ मिलिलिटर घ्यावे आणि पाणी घालून १००० मिलिलिटरपर्यंत करावे, अशी ती असते. ‘१००० मिलिलिटर पाणी घाला’ आणि ‘१००० मिलिलिटरपर्यंत पाणी घाला’ या दोन वाक्यांत फरक एका शब्दयोगी अव्ययाचा आहे. पण पहिल्यात हजार हे पाण्याचे माप आहे आणि दुसऱ्यात ते तयार द्रावणाचे आहे. दुसरे वाक्य पाणी किती लागेल याविषयी काहीच म्हणत नाही, आणि तेच त्याचे बळ होय: जे आधी नक्की सांगता येत नाही ते ठरविण्याचे काम ते मोजपात्रावरील खुणेवर सोपविते. मिश्रण होताना ते थोडे तापते, म्हणून ते थंड झाल्यावरच खुणेपर्यंत भरावयाचे, ही सूचनाही ‘पर्यंत’च्या अर्थातूनच निघते. पत्रिकेच्या मराठी विवरणात हे अव्यय तीन ठिकाणी गळले आहे. सरावपत्रिका दुरुस्त करावयाची तर येथे उत्तर बदलून भागणार नाही. ‘किती स्पिरिट घ्यावे?’ असा प्रश्नच बदलला पाहिजे.

३. मिश्रणगणित आणि त्याचे गृहीत

तिसऱ्या भागात ज्याला इंग्रजीत ‘ॲलिगेशन’ म्हणतात ती रीत दिली आहे. हा शब्द बांधणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला असून, अंक तिरप्या रेघांनी एकमेकांस जोडण्याच्या मांडणीस तो शोभतो. पत्रिकेतील उदाहरण साधे आहे. सॅलिसिलिक आम्लाचे १० टक्के व २ टक्के अशी दोन मलमे आहेत. त्यांपासून ५ टक्के मलम ४०० ग्रॅम तयार करावयाचे आहे. मधल्या पाचातून दोन वजा केले तर तीन उरतात, ते दहाच्या समोर लिहावयाचे. दहातून पाच वजा केले तर पाच उरतात, ते दोहोंच्या समोर लिहावयाचे. म्हणजे तीव्र मलम तीन भाग, सौम्य मलम पाच भाग. ४०० ग्रॅमसाठी १५० आणि २५० ग्रॅम. पडताळा घेता पहिल्यात औषध १५ ग्रॅम, दुसऱ्यात ५ ग्रॅम, एकूण २० ग्रॅम, आणि ते चारशेचे पाच टक्के बरोबर भरतात.

वजाबाकी करून तिरपे का लिहावयाचे, हे पत्रिका सांगत नाही. आणि हे न सांगितल्यामुळे रीत मंत्रासारखी पाठ होते. कारण अवघड नाही. तीव्र मलमाच्या प्रत्येक शंभर ग्रॅममध्ये हव्यापेक्षा पाच ग्रॅम औषध अधिक आहे. सौम्य मलमाच्या प्रत्येक शंभर ग्रॅममध्ये तीन ग्रॅम कमी आहे. एकाचे अधिक दुसऱ्याच्या उण्यात पूर्ण जिरले पाहिजे. पाचाचे आधिक्य तीन वेळा घेतले तर पंधरा होते, तिनाची उणीव पाच वेळा घेतली तरी पंधराच होते. म्हणून तीव्र तीन आणि सौम्य पाच. तिरपी रेघ ही आधिक्य व उणीव यांच्या फेडीची खूण आहे.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, सुवर्णगणित या नावाने ती आली आहे. सोळा वर्णांचे व दहा वर्णांचे सोने मिसळून बारा वर्णांचे सोने हवे असेल तर दोहोंचे प्रमाण काय, असा तेथे प्रश्न असून, साध्य वर्ण आणि दोन मूळ वर्ण यांच्या वजाबाक्यांनीच तो सोडविला आहे. सोळावर्णी सोने दोन भाग आणि दहावर्णी चार भाग, हे त्याचे उत्तर. पण सोनाराच्या गणितात एक गोष्ट न बोलताच पक्की असते. वर्ण हा वजनावर ठरतो, सोने तराजूवरच मोजले जाते, आणि दोन तुकडे वितळून एक केले तरी वजन तेवढेच राहते. मापाची जात एकच, आणि ते माप बेरजेत टिकणारे. तिरप्या रेघेची रीत याच दोन गृहीतांवर उभी आहे. मलमाच्या उदाहरणात ती दोन्ही पाळली जातात. स्पिरिटच्या उदाहरणात दुसरे मोडते, म्हणून तेथे या रीतीने आलेले पाण्याचे भाग प्रत्यक्षात पुरे पडत नाहीत. पहिले गृहीत मोडले तर काय होते, हे पत्रिकेचे शेवटचे उदाहरण दाखविते.

ते उदाहरण असे: ८५ टक्के व ६६.७ टक्के साखरेचे दोन पाक आहेत. त्यांपासून ७५ टक्के पाक कोणत्या प्रमाणात मिसळून होईल? उत्तर दिले आहे ८३ भागांस १०० भाग. रेघा बरोबर ओढल्या आहेत. पंचाहत्तरातून ६६.७ गेले ८.३ उरले, पंचाऐंशीतून पंचाहत्तर गेले दहा उरले. पडताळाही जुळतो: ८३ चे ८५ टक्के ७०.५५, १०० चे ६६.७ टक्के ६६.७, बेरीज १३७.२५, आणि ती १८३ चे पंचाहत्तर टक्के आहे.

तरीही असा पाक होणे शक्य नाही. दोन्ही आकडे संहितांतून घेतलेले दिसतात. पण वर सांगितल्याप्रमाणे पहिला टक्का आकारमानात वजनाचा आहे आणि दुसरा वजनात वजनाचा. त्यांना एका छेदावर आणून पाहावे. ८५ टक्के पाकाच्या एका मिलिलिटरचे वजन सुमारे १.३१३ ग्रॅम असते. म्हणजे त्याच्या १००० मिलिलिटरचे वजन १३१३ ग्रॅम आणि त्यात साखर ८५० ग्रॅम. हे प्रमाण वजनात वजन सुमारे ६४.७ टक्के होते. याचा अर्थ असा की, मोठा आकडा मिरविणारा पाक वस्तुतः सौम्य आहे आणि ६६.७ टक्क्यांचा पाक तीव्र आहे. ज्याला पत्रिकेने तीव्र मानून रेघ वरून ओढली, ती खालून ओढावयास हवी होती. सांगितल्याप्रमाणे ८३ ग्रॅम व १०० ग्रॅम मिसळले तर साखर सुमारे १२०.४ ग्रॅम होईल आणि मिश्रणाची तीव्रता वजनात वजन सुमारे ६५.८ टक्के येईल. ती दोन मूळ तीव्रतांच्या मध्येच आहे, जशी असावयास हवी. पण पंचाहत्तराशी तिचा संबंध नाही.

उलट बाजूनेही पाहता येईल. ६६.७ टक्के पाकाच्या एका मिलिलिटरचे वजन सुमारे १.३२७ ग्रॅम धरले तर त्यात आकारमानात वजन सुमारे साडेअठ्ठ्याऐंशी टक्के साखर असते. म्हणजे या मापाने दोन पाक ८५ आणि ८८.५ टक्क्यांचे झाले, आणि पंचाहत्तर त्या दोहोंच्याही खाली पडले. ते साधण्यास पाणी लागेल, दुसरा पाक नव्हे. आणि वजनात वजन पंचाहत्तर टक्के हवे असेल तर ते साध्या तपमानास मुळीच मिळणार नाही. कारण साखर पाण्यात सुमारे ६७ टक्क्यांच्या पुढे विरघळून राहत नाही, जास्तीची खडे होऊन खाली बसते.

या उदाहरणाचे महत्त्व पडताळ्यात आहे. पडताळा घ्यावा म्हणजे चूक सापडेल, असे विद्यार्थ्याला सांगितले जाते. येथे पडताळा घेतला आणि तो जुळला. कारण ज्या दोन टक्क्यांचे छेद निराळे आहेत ते आकडे म्हणून बेरजेत बसतात. अंकांना आपली जात ठाऊक नसते. चूक पकडण्याचे साधन आकड्यांच्या आत नाही, शब्दांत आहे. प्रत्येक ओळ सप्तमीसह लिहिली असती, ‘१००० मिलिलिटर पाकात ८५० ग्रॅम’, ‘१००० ग्रॅम पाकात ६६७ ग्रॅम’, तर दुसऱ्याच ओळीस विद्यार्थी अडखळला असता. आणि असे अडखळणे हेच या गणितात शहाणपण होय.

याच भागातील आणखी एक उदाहरण याच न्यायाने पाहता येते. २ टक्के मलम १०० ग्रॅम आहे. त्यात औषध घालून ते ६ टक्के करावे. पुष्कळांच्या मनात प्रथम ‘चार ग्रॅम घाला’ असे येते. शुद्ध औषध म्हणजे १०० टक्के, असे धरून रेघा ओढल्या तर औषध ४ भाग आणि मलम ९४ भाग येते, म्हणजे १०० ग्रॅम मलमास ४.२६ ग्रॅम. चार ग्रॅम घातले तर १०४ ग्रॅममध्ये ६ ग्रॅम होतील, आणि ते ५.७७ टक्के भरतात. औषध घालताना छेदही वाढला, हे ‘दोनाचे सहा करा’ या भाषेत दिसत नाही. ‘तयार मलमात’ असे म्हणताच दिसते. हे उदाहरण मात्र पत्रिकेने बरोबर सोडविले आहे, आणि ते तिच्यातील सर्वांत उपयुक्त उदाहरण म्हणावे लागेल.

४. चारांत एक की एकास चार?

दुसऱ्या भागातील एका उदाहरणात २० टक्के द्रावण ‘१:४’ प्रमाणात पातळ करावयास सांगितले असून उत्तर ५ टक्के दिले आहे. चार भाग द्रावणात एक भाग मूळ द्रावण, असे वाचले तर ते बरोबर आहे. एक भाग द्रावणास चार भाग पाणी, असे वाचले तर एकूण पाच भाग होऊन तीव्रता ४ टक्के येते. चिन्हात दोन्ही वाचने सामावतात. मराठीत ती दोन निरनिराळ्या विभक्तींत आहेत: ‘चारांत एक’ ही सप्तमी, आणि ती एकाला चारांच्या पोटात घेते, ‘एकास चार’ ही चतुर्थी, आणि ती दोघांना समोरासमोर ठेवते. भाताला एकास दोन पाणी घालणाऱ्या कोणाही गृहिणीला हा भेद शिकवावा लागत नाही. दोन टिंबांनी तो पुसला जातो, आणि पत्रिकेचे मराठी विवरणही ‘१:४ प्रमाणात’ एवढेच म्हणून पुसलेलेच राहू देते.

ही केवळ वर्गातील बाब नव्हे. ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन दीर्घकाळ हजारात एक आणि दहा हजारांत एक अशा गुणोत्तरांनी ओळखले जाई. पहिल्याच्या एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्याच्या ०.१ मिलिग्रॅम. आकडा दहापट वाढतो तेव्हा औषध दहापट घटते. घाईच्या वेळी या उलट्या नात्यातून दहापट मात्रेची चूक होऊ शकते. या धोक्यामुळे अमेरिकेच्या संहितेने मे २०१६ पासून एकच औषध असलेल्या इंजेक्शनांच्या लेबलांवरून गुणोत्तराची भाषा काढून मिलिलिटरमध्ये मिलिग्रॅम ही भाषा बंधनकारक केली. म्हणजे तेथेही उपाय भाषेचाच झाला: छेदाचे नाम उघड लिहिले गेले.

५. समारोप

प्रस्तुत सरावपत्रिका टाकून द्यावी असा या परीक्षणाचा निष्कर्ष नाही. तिची अंकरचना ठेवूनच तीन बदल पुरेसे आहेत. प्रत्येक टक्क्याशेजारी तो कशात कशाचा हे लिहावे. जेथे तयार द्रावणाचे माप सांगावयाचे तेथे ‘पर्यंत’ वगळू नये, आणि पाणी किती असे न विचारता मूळ द्रव्य किती असे विचारावे. दोन टिंबांच्या जागी ‘चारांत एक’ किंवा ‘एकास चार’ असे शब्दांनी लिहावे. पाकाचे शेवटचे उदाहरण मात्र काढून टाकू नये. त्याचा प्रश्न बदलून, असा पाक का होऊ शकत नाही, असे विचारावे. चौदा उदाहरणांत विद्यार्थ्याची खरी परीक्षा घेणारे ते एकच उदाहरण आहे.